सवलत शून्य धरून

माझा स्वभाव तापट आहे. अंबाजोगाईतल्या कुठल्याही व्यापाऱ्याला विचारा, तो आधी इकडंतिकडं बघेल आणि मग मान हलवेल. करसल्लागाराचं काम करता करता माझे केस पांढरे झाले. कर भरायची वेळ आली की माणसं तोंड पाडून माझ्या ऑफिसात येतात आणि कर सुटायची वेळ आली की पेढे घेऊन येतात. मला पेढेवाल्यांचा जास्त राग येतो, कारण कागदावर सुटलेला कर त्यांना खिशात पडलेला वाटतो.

माझी धाकटी बहीण अशीच एकदा पेढे घेऊन आली. अन्नप्रक्रियेचं शिक्षण घेऊन ती पुण्याला एका कारखान्यात नोकरी करत होती. आता तिला नोकरी सोडून गावाकडं यायचं होतं आणि सीताफळाचा गर काढून गोठवायचा कारखाना टाकायचा होता. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ पिकतं ते मातीमोल भावानं जातं, हे लहानपणापासून तिच्या मनात सलत होतं. पैसे घालायला एक भागीदार तयार होते. पुण्याचे होते, वयानं माझ्याएवढे, बोलायला गोड. त्यांची अट एकच होती. कारखाना बंदराजवळच्या एका विशेष आर्थिक क्षेत्रात टाकायचा. तिथं पहिली पाच वर्षं नफ्यावर प्राप्तिकर नाही, पण त्यासाठी ठरलेल्या तारखेआधी उत्पादन सुरू व्हायला हवं होतं. ती तारीख जवळ येत चालली होती, म्हणून त्यांची घाई.

"आक्का, म्हणजे मला परत दूरच जायचं," धाकटी म्हणाली. पेढा तिनंही खाल्ला नव्हता. नोकरीचा राजीनामा ती देऊन बसली होती आणि भागीदारांशिवाय तिच्याकडं दुसरं कोणी नव्हतं. कारखाना बीड जिल्ह्यात होतो की नाही, यावर तिचं पुढचं आयुष्य अडलं होतं, आणि मला ती इथं हवी होती. एवढं साधं आहे ते.

भागीदार ऑफिसात आले तेव्हा मी चहा सांगितला आणि सरळ विचारलं, "गर विकणार कुणाला?"

"पुणे, हैदराबाद. आइस्क्रीमवाले."

"मग माफी कशाची घेताय? तिथली माफी निर्यातीच्या नफ्याला आहे. त्या कुंपणातून माल देशात विकला तर तो आयात केल्यासारखा धरतात, सीमाशुल्क भरावं लागतं. आणि प्राप्तिकर माफ असला तरी कंपनीला किमान पर्यायी कर तिथंही चुकत नाही."

"आज ना उद्या आखातात माल जाईलच की."

"जाईल तेव्हा जाईल. पण पहिली पाच वर्षं तुम्हाला नफा होणारय का? नफाच नसेल तर त्याच्यावरचा कर कुणाला माफ करणार?"

ते हसले, पण हटले नाहीत. म्हणाले, "ताई, एक खरं सांगू? तिथलीच नाही, इथलीही सवलत घ्या; ती नसेल तर शहरातला पैसा मागास भागात येतच नाही. इथं रस्ता लांब, वीज बेभरवशाची, कुशल माणूस मिळत नाही. सरकार सवलत देतं ती ह्या त्रासाची भरपाई म्हणून. त्यात फुकटेगिरी काय?"

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, म्हणून मला आणखी राग आला. मी कोरा कागद पुढं ओढला. माझी कामाची एक पद्धत आहे. कुठलाही धंदा असो, आधी सगळा हिशेब सवलत शून्य धरून करायचा. त्यात तो उभा राहिला तरच सवलतीचं नाव काढायचं. आम्ही तिघांनी संध्याकाळपर्यंत तेच केलं. बंदराजवळचा कारखाना कागदावर पहिल्याच फेरीत आडवा झाला. पिकलेलं सीताफळ दुसऱ्या दिवशी हाताला चिकटतं, गर काढून ठेवला तर काळा पडतो. फळ तिथवर न्यायचं कसं? आणि इथंच गर गोठवून न्यायचा तर तिथं कारखान्यात करायचं काय? भागीदार कागदाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "हंगामात एकदा येऊन बघतो."

आले. धारूरच्या डोंगरात फिरले, बाया टोपल्या भरून फळं उतरवत होत्या ते पाहिलं, आणि संध्याकाळी हात धुता धुता म्हणाले, "चला, इथंच टाकू." धाकटी तोंड फिरवून उभी राहिली. मला कळलं ती रडतेय.

आता जागा हवी होती आणि जागा होती आमच्या काकांकडं. युसूफ वडगाव ह्या गावाजवळ आमच्या वडलांचे हे भाऊ मोठे शेतकरी, किती तरी वर्षं गावचे सरपंच. रस्त्याकडेचं त्यांचं रान कारखान्याला अगदी सोयीचं. पण कारखाना म्हटलं की काका पेटत. त्यांच्या सरपंचकीत पाइप बनवणारा एक कारखाना विक्रीकराच्या माफीवर गावात आला होता. काकांनी घरोघर जाऊन लोकांना समजावलं, स्वतःच्या जमिनीचा तुकडा सगळ्यांत आधी दिला. माफीची मुदत होती तोवर भोंगा वाजत होता. मुदत संपली आणि मशीनं ट्रकवर चढली. गावानं कंपनीला काही म्हटलं नाही, कंपनी होतीच कुठं म्हणायला? सगळ्यांनी काकांनाच धरलं. पुढची निवडणूक ते पडले.

"तुमी काय बी सांगा," काका मला म्हणाले, "माफीला आलेला माणूस माफीसंगं जातो. आन तुज्या या साहेबाला लाइटावरची बी माफी भेटणार म्हन. लाइटच ऱ्हात न्हाई, मग माफी कशावरची?"

मला हसू आलं, पण त्यांना आलं नाही.

"काका, ही माझी बहीण आहे. ती कुठं जाणार?"

"ती न्हाई जाणार. पैसेवाला जाईल. मंग ती एकटी काय करंल? मी जमीन देत न्हाई. एकदा लई शिव्या खाल्ल्या."

मी चिडून उठून आले. काकांशी महिनाभर बोलले नाही. केजच्या बाजूला बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगचं गोडाऊन भाड्यानं मिळालं, तिथं कारखाना सुरू झाला. जिल्हा उद्योग केंद्रातून पात्रता प्रमाणपत्रही मिळालं. आमचा तालुका मागासात मोडतो, त्यामुळं ठरलेल्या मुदतीपर्यंत विद्युत शुल्क माफ आणि राज्यात विकलेल्या मालावर सरकारजमा केलेल्या जीएसटीतला राज्याचा वाटा प्रोत्साहन म्हणून परत. परत म्हणजे आधी भरायचा, मग मागायचा, मग वाट बघायची. मी धाकटीला सांगून ठेवलं होतं की हे पैसे येणारच नाहीत असं समजून चाल.

आणि तसंच झालं. मागण्या मंजूर होत होत्या, पैसे येत नव्हते. भागीदारांचे फोन यायचे आणि मी त्यांच्यावर उखडायचे. खरा त्रास विजेचा होता. उणे तापमानाच्या खोलीला लाइट गेलेली चालत नाही. जनरेटरच्या डिझेलनं पहिला हंगाम खाल्ला. धाकटी उद्योग मित्र समितीच्या दर बैठकीला जाऊन बसायची आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढं एकच मागायची, की आम्हाला शेतीच्या लाइनीवरून काढून वेगळा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून स्वतंत्र लाइन द्या. तिथला एक अधिकारी तिला म्हणाला, "मॅडम, तुम्ही सोडून सगळे सबसिडी मागतात." फीडर मिळाला तेव्हा तिनं मला फोन करून नुसता गोठवणखोलीतल्या पंख्याचा आवाज ऐकवला.

पण सवलतीला पार नावं ठेवणं माझ्या जिवावर येतं, कारण ज्या वर्षी टाळेबंदीनं आइस्क्रीमवाल्यांची दारं बंद झाली आणि गर खोलीत पडून राहिला, त्याच वर्षी अडकलेला परतावा एकदम आला. त्यातून बायांचे पगार झाले. भागीदारांनी मला फोनवर काही ऐकवलं नाही. मीच म्हणाले, "हं, बोला आता." ते म्हणाले, "तुम्हीच बोललात की."

यंदा सवलतीची मुदत संपली.

महिनाभर आधीपासून गावात एकच विषय होता, पैसेवाला राहतो की जातो. कारखान्यात सीताफळ फोडणाऱ्या बाया धाकटीला विचारायच्या, "ताई, साहेब कावून येईना झालेत?" साहेब खरंच आले नव्हते. मला रात्री झोप लागेना. हिशेब मीच ठेवते, त्यामुळं धंदा बरा चाललाय हे मला दिसत होतं, पण बऱ्या धंद्यातूनही माणसं काढता पाय घेतात, हे मी ऑफिसात उभा जन्म बघत आलेय. काकांच्या तोंडून "मी म्हटलं नव्हतं?" ऐकायची माझी तयारी नव्हती.

शेवटी भागीदारांचा निरोप आला की बसायचंय, काकांनाही बोलवा. गोडाऊनच्या केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो. धाकटीनं चहा ओतला. काका टोपी मांडीवर ठेवून भिंतीकडं बघत बसले होते.

भागीदार म्हणाले, "आता ही जागा सोडावी लागेल."

 धाकटीनं किटली खाली ठेवली.

"पुरत नाही हो," ते म्हणाले. "दुसरी गोठवणखोली बसवायची तर इथं पाय ठेवायला जागा नाही. ताई, हिशेब करून आणलाय. सवलत शून्य धरूनच केलाय, बघा."

मी कागद हातात घेतला आणि मला आकडे दिसेनात. चष्मा पुसला तरी दिसेनात. धाकटी म्हणाली, "सर, असं बोलतात का?" आणि मग ती हसत सुटली.

भागीदार काकांकडं वळले. "सवलतीच्या नादानंच मी ह्या धंद्यात उतरलो, हे मी नाकारत नाही. पण मुदत संपली त्या दिवशी मी पुण्यात ह्या खोलीची मशीन ठरवत होतो. उशीर त्यामुळं झाला."

काका भिंतीवरची नजर काढून माझ्याकडं वळले. मग त्यांनी मला विचारलं, "नव्या मशीनला माफी भेटती का?"

"काका, तुम्ही विचारताय?"

"इचारायला काय जातंय?"

"विस्तार ठरलेल्या मापात बसला तर मिळते. पण धरायची नाही."

"नको धरू." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "रस्त्याकडचं रान घ्या. इकत न्हाई देणार, भाड्यानं. बिगरशेतीचं काय असंल ते तू बघ. पर त्या करारात मुदत लिहायची न्हाई."

"काका, मुदतीशिवाय भाडेपट्टा कसा करणार? मुदत घालावीच लागते."

काका उठून दारापर्यंत गेले होते. तिथूनच म्हणाले, "मंग तुज्या कायद्यात असंल तेवढी लांब घाल."