गिरणीखालची जागा

माझ्या वडिलांनी पोलादपुरात भात सडायची गिरण घातली तेव्हा ती जागा कोणाला फुकट दिली तरी नको होती. महाबळेश्वरकडे जाणारा रस्ता फुटतो त्याच्या जरा अलीकडे, खडकाळ उतार. तिथे गवतसुद्धा धड उगवत नसे. वडील मुंबईला गोदीत इंजिनावर होते. छातीच्या दुखण्यानं नोकरी सुटली, तेव्हा त्यांनी एक जुनं डिझेल इंजिन आणि सडायचं यंत्र घेतलं आणि गावच्या एका जमीनदाराकडून ती जागा पाच वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली. करार महाडला जाऊन रीतसर नोंदवला. गिरणीसाठी जागा, वर्षाचं भाडं एप्रिलच्या सुरुवातीला, मालकाच्या परवानगीवाचून पक्कं बांधकाम करायचं नाही, असं त्यात होतं. म्हणून वडिलांनी दगडी भिंती घातल्या नाहीत. सागाचे खांब, वर पत्रे, बाजूंना कुडाच्या भिंती. पक्का एकच भाग, इंजिनाखालचा दगडी चौथरा. तो मालकाला विचारून बांधला होता आणि मालक स्वतः नारळ फोडायला आला होता.

त्याला आम्ही काका म्हणत असू. आज त्या शब्दाचीही मला चीड येते.

गिरण सुरू झाल्यावर आंबेनळी घाटाच्या बाजूच्या वाड्यांतून बाया डोक्यावर भाताची गाठोडी घेऊन उतरू लागल्या. उमरठकडच्या बैलगाड्या येऊ लागल्या. तोवर घरोघर भात भरडायचं घिरट आणि सडायचं मुसळ. हाताला घट्टे पडलेल्या त्या बाया तांदूळ बाहेर पडताना बघत नि हसत. गिरणीपुढे मग चहाची टपरी आली, शेजारी न्हावी आला. नको असलेल्या उतारावर नाका झाला. तो आमच्या इंजिनाच्या आवाजानं झाला, मालकाच्या पुण्याईनं नव्हे.

मुदत संपायच्या आधीच वडील गेले. भाऊ नव्हता. माझा नवरा मुंबईला कापडगिरणीत, मी पोलादपुरात आईजवळ. सातवी पास होते, हिशेब येत होता. इंजिन चालवायला वडिलांच्या हाताखाली शिकलेला एक गडी होता. आईनं कपाळाचं कुंकू पुसलं आणि वडिलांच्या तेराव्यानंतर गिरण उघडली. लोकांनी नाकं मुरडली, पण भात घेऊन आले.

पाच वर्षं संपली. आई भाडं घेऊन मालकाकडे गेली नि विचारलं, "काका, नवा कागुद करायचा काय?"

"कागुद कशाला गो? तुम्ही काय परकी हाव? चालू दे."

त्यानं भाडं घेतलं, पावती दिली. पुढच्या एप्रिलातही घेतलं, पावती दिली. आम्ही त्याच्या जिभेवर विश्वास ठेवला.

मग त्याचा मुलगा मुंबईहून आला. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. घाटानं जाणाऱ्या मोटारी वाढल्या होत्या आणि त्याला नाक्यावर हॉटेल घालायचं होतं. चकचकीत बूट घालून तो गिरणीत आला. कोंडा अंगावर उडेल म्हणून दारातच थांबला.

"मावशी, जगह एकदम फर्स्ट क्लास हाय. आता बिझनेस करणार इथं."

"आमचा काय खेळ चाललाय काय रे इथं?" आई म्हणाली.

दिवाळी झाली, भातं झोडून झाली, वर्षाची कमाई दारात यायची वेळ झाली, आणि नोटीस आली. पंधरा दिवसांत जागा खाली करा. करार वडिलांशी होता, ते मेले तेव्हाच संपला. नाहीतर मुदत संपली तेव्हा संपला. तुम्ही नुसत्या बसलेल्या आहात. नोटीस मीच आईला वाचून दाखवली. "बसलेल्या" या शब्दाशी मी कागद खाली आपटला. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत इंजिनाच्या पट्ट्याशेजारी उभ्या राहणाऱ्या बाईला हे म्हणे बसलेली!

आई त्याच पावली मालकाच्या घरी गेली. मी मागोमाग. तो पडवीत सुपारी कातरत होता.

"काका, चालू दे म्हणालात ना?"

"म्हणालो आसन. तवा पोरगा मुंबईला व्हता."

"आणि माझा नवरा मेला तो करार मोडायला मेला काय?"

तो सुपारी कातरत राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही एस. टी.नं महाड गाठलं. तिथल्या दिवाणी कोर्टात काम करणारे एक वयस्क वकील वडिलांच्या ओळखीचे होते. त्यांनी करार पाहिला, पावत्या पाहिल्या, नोटीस वाचली आणि चष्मा काढला.

"भाडेपट्टा माणसाबरोबर मरत नाही. मुदतीतला उरलेला हक्क वारसांकडे येतो, म्हणजे तुमच्याकडे आला. मुदत संपली हे खरं. पण मुदतीनंतर मालकानं भाडं घेतलं, म्हणजे तुम्ही राहावं याला त्याची संमती होती. मग पट्टा पुढे चालू झाला. आणि कारखान्याच्या कामासाठी दिलेली जागा असेल तर तो वर्षावर्षानं चालतो. तो संपवायला सहा महिन्यांची नोटीस लागते, आणि तीही भाड्याचं वर्ष संपेल तेव्हा संपणारी. पंधरा दिवसांची नोटीस महिन्याच्या भाडेकरूला."

"म्हणजे आम्हाला काढता येणार नाय?" आईनं विचारलं.

वकिलांनी नोटीस पुन्हा हातात घेतली. "या नोटिशीनं नाही. योग्य नोटीस दिली तर येईल. मुंबई-पुण्याचा भाडेनियंत्रणाचा कायदा आपल्याकडे लागू असता तर त्याला कारण दाखवावं लागलं असतं. तुमच्या गावाला तो लागू नाही."

हे ऐकून मी भडकले. "कारण नको? एवढी वर्षं राबलो त्याचं काय?"

"त्याचं कायद्यात कलम नाही, बाई," ते म्हणाले. ते वाईट मनानं बोलले नव्हते. तरी त्यांच्या टेबलावरची सगळी पुस्तकं खाली फेकावीशी वाटली मला.

पंधरा दिवस गेले. आम्ही हललो नाही. मग एका सकाळी गिरणीपुढच्या वाटेवर करवंदीच्या काट्यांच्या जाळ्या आडव्या टाकलेल्या. मागे खांब पुरून तार. गाड्या रस्त्यावरच थांबल्या. वाडीवरून भात आणलेली एक म्हातारी काट्यांतून वाट काढायला गेली, तिच्या पोटरीतून रक्त निघालं. मालकाचा मुलगा टपरीवर चहा पीत बघत होता.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काढ ते."

"हमारी जमीन हाय. मी काय पण करीन."

मी कोयता घेऊन काट्यांवर धावले तेव्हा आईनंच मला कवेत घट्ट धरलं. "नको गो. त्याला हेच पायजे हाय. फौजदारी झाली का आपण गेलो."

मी कोयता टाकला, पण राग टाकला नाही.

वकिलांनी दावा लावला आणि मनाई हुकूम मागितला. पट्टा चालू आहे तोवर भाडेकरूला जागा बिनहरकत वापरू देणं हे मालकाचं कर्तव्य, असं त्यांनी कोर्टात मांडलं. मालकाच्या वकिलानं सांगितलं की या बायका आगंतुक आहेत. न्यायाधीशांनी मालकालाच विचारलं, "मुदत संपल्यानंतरच्या या पावत्यांवर सही तुमची का?"

"हाय माझी. पण ती मी दया म्हणून..."

"दयेची पावती देतात का? इथे जागेचं भाडं असं लिहिलंय."

हुकूम मिळाला. कोर्टाचा बेलीफ आला, तार तोडली, काटे निघाले. पण तोवर ऐन हंगामाचे दिवस वाया गेले होते आणि अर्धी गिऱ्हाइकं महाडच्या गिरणीला लागली होती. ती सगळी परत आली नाहीत. जिंकलो असं गावानं म्हटलं. मला तो शब्द थुंकून टाकावासा वाटे.

एप्रिलात आईनं भाडं नेलं, मालकानं घेतलं नाही. वकिलांनी मनीऑर्डर करायला सांगितली. "तो घेवो न घेवो, तुमचं कर्तव्य चुकलं असं कोणी म्हणता कामा नये." मनीऑर्डर परत आली. मग पैसे कोर्टात भरले. पावसाळ्यात पत्र्यांची डागडुजी केली, वाहून आलेली माती काढली. मालक जागा पाहायला आला तेव्हा आईनं त्याला हिंडू दिलं, पण पाणी विचारलं नाही. आमच्या घरात हे प्रथमच घडलं.

भाद्रपदात दुसरी नोटीस आली. या वेळी मालकानं शहाणा वकील गाठला होता. सहा महिन्यांची मुदत धरून, मार्चअखेर वर्ष संपतं त्याच दिवशी जागा सोडावी. आमच्या वकिलांनी ती दोनदा वाचली आणि आईपुढे हात जोडले.

"आता ही बरोबर आहे. लढवलीत तर चार-दोन वर्षं जातील, पण शेवटी हराल, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दलची भरपाई डोक्यावर बसेल."

आई एवढंच म्हणाली, "मग यंत्रं?"

मालकाच्या मुलानं गावात सांगून टाकलं होतं की जमिनीत रोवलेलं ते जमिनीच्या मालकाचं. इंजिन त्याला हॉटेलात दिवे लावायला हवं होतं. पत्रेसुद्धा मोजून ठेवले होते म्हणे.

वकिलांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "तुमच्या करारात याबद्दल काही लिहिलेलं नाही. मग तुम्ही जमिनीला जोडलेलं सगळं तुम्हाला काढून नेता येतं. अट एकच, ताबा तुमच्याकडे असेपर्यंत. ताबा दिल्यावर खिळाही हलवता येणार नाही. आणि जागा मिळाली होती तशी करून द्यायची."

मार्चमध्ये आम्ही गिरण उतरवली. पट्टा, यंत्र, पत्रे, खांब. इंजिन लाकडी ओंडक्यांवरून सरकवत गाडीत चढवलं. शेवटी दगडी चौथरा उरला. गडी म्हणाला, "ऱ्हाऊ दे, दगडं तर हायती."

"नाय," आई म्हणाली. "एक पण ठेवायचा नाय."

घण मी उचलला. सवय नव्हती. पहिल्या घावाला हात बधिर झाले. तरी मारत राहिले. प्रत्येक घावाला मला ती पडवी दिसे, ती कातरली जाणारी सुपारी दिसे. चौथरा निघाला, खड्ड्यात मुरूम भरला, चोपून सपाट केला. मालकाचा मुलगा धावत आला. "ये क्या किया? इंजिन किधर हाय?"

"आमच्या घरी," मी म्हणाले. "तुझी जागा तुझ्यापुढे हाय. तुझ्या बापानं दिली होती तशी."

"मी केस करीन!"

"कर. महाडचा रस्ता आम्हाला ठाऊक हाय."

मार्चअखेरीस आईनं मालकाला बोलावलं आणि दोन पंचांसमोर जागेचा ताबा मिळाल्याचं लिहून घेतलं. सही करताना तो पुटपुटला, "वहिनी, राग धरू नका."

आई म्हणाली, "जागा दिली. राग नाय देणार. तो माझा हाय."

पुढे आम्ही गावाबाहेर, रस्त्यापासून आत, आईच्या मावसभावाची जागा भाड्यानं घेतली. त्या कराराचं कलम न कलम मी लिहवून घेतलं: वाटेचा हक्क, वारसांचा हक्क, यंत्रांची मालकी, नोटिशीची मुदत. मावसमामा दुखावला. "आपल्या मानसात एवढं लिव्हायचं?" मी म्हटलं, आपल्या माणसातच लिहायचं. गिरण तिथे चालली, पण पहिल्यासारखी कधी नाही. वाडीवरच्या बायांना तेवढं आत चालणं जड पडे.

नाक्यावर हॉटेल झालं आणि चांगलं चाललं. मालकाला कोणतीही शिक्षा झाली नाही. तो सुखानं म्हातारा झाला. शेवटी शेवटी देवळात भेटला की मला आशीर्वाद द्यायला हात वर करी. मी वाकले नाही. लोक म्हणत, झालं ते झालं, कायद्यानं झालं. खरं आहे, शेवटची नोटीस कायद्याला धरून होती आणि आम्ही ती मानली. पण कायद्यानं जागा रिकामी करायला सांगितली होती, मन नव्हे. आई जाईपर्यंत त्या हॉटेलातला चहा आमच्या घरातल्या कोणी प्यायला नाही.