पट्टीवरचं मधलं घर

मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत बावीस नावं घालायची होती. यादी मी केली, कारण आमच्या घरात याद्या मीच करतो. एकवीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये सुटे भाग मोजण्यात गेली आहेत. नट कमी पडला तर लाइन थांबते, हे मला ठाऊक आहे. पत्रिकेत नाव कमी पडलं तर काय होतं, हे मात्र मला पाचोडला जाऊन कळलं.

यादी मी फोनवर टाइप केली, कारण क्रांती चौकाजवळच्या पत्रिकावाल्यानं तसंच सांगितलं होतं. कागदावरची अक्षरं तो उतरवून घेत नाही. "मॅसेज टाका, मी तिथून उचलतो. मग चूक तुमची, माझी नाही," असं तो पहिल्याच भेटीत हसत म्हणाला. हे वाक्य मला पुढं बरेच दिवस आठवत राहिलं.

फोनचा आणि माझा वाद मात्र त्याच्या आधीपासूनचा. कीबोर्डच्या वर एक पट्टी असते. तिच्यात तीन घरं. तुम्ही दोन अक्षरं टाइप केली की तीन शब्द दिसतात, त्यातला मधला फोनला सगळ्यात बरोबर वाटतो. स्पेस दाबली की कधी कधी तो तुम्हाला न विचारता आपला शब्द घालून टाकतो. मी पाचोड लिहायचो, स्पेस दाबायचो आणि पाचोरा व्हायचं. पाचोड आमचं गाव, पैठण तालुक्यातलं. पाचोऱ्याशी आमचा काही संबंध नाही. तिथं मी आयुष्यात एकदाही गेलेलो नाही. फोन मात्र मला आठवड्यातून चार-पाच वेळा तिथं पाठवत होता.

मुलगी म्हणाली, "पप्पा, चिडू नका, शिकवा त्याला. तुमच्यासारखाच आहे तो. एकदा डोक्यात बसलं की बसलं."

तिनं शिकवलं तसं मी करू लागलो. नको असलेल्या शब्दावर बोट दाबून धरायचं, कचऱ्याचा डबा दिसतो, शब्द ओढून त्यात टाकायचा. पाचोरा गेला. मग तिनं वैयक्तिक शब्दकोश दाखवला. त्यात अधिकचं चिन्ह दाबून हवा तो शब्द कायमचा लिहून ठेवता येतो. मी पाचोड घातलं. मुकुंदवाडी घातलं, कारण आम्ही राहतो तिथं. नातेवाइकांची नावं, आडनावं, गावं, सगळं मिळून अठ्ठावन्न शब्द. एका दुपारी जेवण झाल्यावर बसलो आणि चहापर्यंत संपवलं.

एक शब्द मात्र हटत नव्हता. कालकथित.

आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावापुढं कालकथित लावतात आणि हयात माणसाच्या नावापुढं आयुष्मान. तेरा महिन्यांपूर्वी माझे वडील गेले. त्यानंतर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, त्याची निमंत्रणं, वर्षभरानं पुन्हा तेच. हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल याचा हिशेब मी ठेवला नाही. पण आता 'का' एवढं टाइप केलं की पट्टीवर कालकथित हजर. आणि मला 'का' वरून नेहमी वेगळंच लिहायचं असायचं, कारण माझे पाचोडचे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, त्यांचं नाव त्याच अक्षरानं सुरू होतं. वडिलांच्या पिढीत आता ते एकटेच उरले आहेत.

मी तो शब्द डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी परत. पुन्हा टाकला. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी मी फोन पलंगावर आपटला.

बायको म्हणाली, "अहो, तो काय जित्ता हाय का? कशाला रागावता त्याच्यावर?"

"तो ऐकत नाही."

"मग तुम्ही तरी कुणाचं ऐकता?"

मुलीनं शेवटचा उपाय सांगितला. कीबोर्डनं आपणहून शिकलेले सगळे शब्द एकदम पुसायचे. तसं करताना फोन एक आकडा दाखवतो, तो जसाच्या तसा खाली टाइप करावा लागतो. चुकून कुणी पुसू नये म्हणून. ही पद्धत मला आवडली. मी आकडा दोनदा ताडून टाइप केला. वर्षभरात त्यानं शिकलेलं सगळं गेलं. मी शब्दकोश उघडून पाहिला. मराठीच्या यादीत माझे अठ्ठावन्न शब्द जागच्या जागी होते. कालकथित त्यात नव्हता. मी समाधानानं फोन खाली ठेवला.

काही दिवस पट्टीवर मधल्या घरात काकांचंच नाव येत राहिलं. कालकथित अधूनमधून डावीकडच्या घरात दिसायचा. मी म्हटलं, राहू दे कोपऱ्यात.

मग पत्रिकेची यादी केली. ज्या नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली की ते मधल्या घरात येई, ते बोटानं दाबायचं आणि पुढं वडिलांचं नाव आणि आडनाव लिहायचं. बावीसपैकी चौदा नावं मी अशी दाबून लिहिली. यादी पत्रिकावाल्याला पाठवताना खाली लिहिलं, जिथं कालकथित आहे ते सोडून सगळ्यांच्या पुढं आयुष्मान किंवा आयुष्मती लावा. त्यात कालकथित फक्त एकच होतं, माझ्या वडिलांचं. निदान मला तसं वाटत होतं.

प्रूफ आलं. मी पेन्सिल घेऊन ओळी मोजल्या. बावीस. आडनावं तपासली, काना-मात्रा तपासल्या, एक अनुस्वार सुटला होता तो दाखवला. विवाहाची वेळ, विहाराचा पत्ता, सप्रेम जयभीम, सगळं बरोबर. मी मंजुरी दिली. तीनशे पत्रिका छापल्या.

आमच्यात पहिली पत्रिका विहारात ठेवतात. दुसरी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या हातात द्यायची, आणि ती त्यांनी वाचल्याशिवाय तिसरी कुणाला जात नाही. मी रविवारी पाचोडला गेलो. बाजाराचा दिवस होता, काका पिशवी घेऊन नुकतेच आले होते. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हातात कागद आला की अजून मोठ्यानं वाचतात. हजेरी घेतल्यासारखं.

त्यांनी चष्मा लावला. वरची ओळ वाचली, "कालकथित" आणि माझ्या वडिलांचं नाव. दुसरी ओळ वाचली, "कालकथित" आणि पुढं माझ्या आजोबांचं नाव, आडनाव. मग खाली सगळी नावं वाचत गेले. शेवटपर्यंत गेले, पत्रिका उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"माझं नाव कुठंय?"

मी पत्रिका हातात घेतली. आजोबांचं नाव मी यादीत दिलेलंच नव्हतं. तरी ते तिथं होतं, आणि काकांचं नव्हतं. मग लक्षात आलं. काकांच्या ओळीत मधल्या घरात त्या दिवशी काकांचं नाव नव्हतं, कालकथित होतं. मी न बघता दाबलं. पुढं काकांच्या वडिलांचं नाव लिहिलं आणि आडनाव. काका गेले, आजोबा आले. ओळ इतकी बरोबर दिसत होती की पत्रिकावाल्यानं ती उचलून वडिलांच्या खाली ठेवली. ओळी तर बावीसच राहिल्या. मी मोजल्या होत्या.

"फोननं केलं," मी म्हणालो. सांगताना माझी मलाच लाज वाटली.

"व्हय का? मग फोनलाच लग्नाला बोलव." ते मागं सरकून बसले. "आरं, तुझा बाप गेला तवा गावातल्या लोकायनी मला सांगितलं, आता तूच थोरला. आन् तू मला पयलाच पोचवला."

"काका, मी सगळ्या पुन्हा छापतो."

"तीनशे? नाय. माझ्या बापाचं नाव हाय त्यात. ते रद्दीत टाकतो का तू?"

त्यांनी पत्रिका माझ्या हातातून परत घेतली. मग म्हणाले, "सगळ्या पत्रिका कुठं हायेत?"

"घरी. दोनशे अठ्ठ्याण्णव. ही एक, आणि एक विहारात."

"विहारातली बी आण परत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते मुकुंदवाडीला आले, खिशाला दोन काळी पेनं लावून. बायको म्हणाली, "मला वाटलं तुम्ही आजोबांचं नाव मुद्दाम घातलंत. मी म्हटलं, चांगलं सुचलं यांना." तिला ते आधीच दिसलं होतं. मला सांगायला मात्र तिला कारण वाटलं नव्हतं.

काकांनी दिवाणखान्यात चटई टाकून घेतली आणि आजोबांच्या नावाखालच्या रिकाम्या जागेत आपलं नाव लिहायला सुरुवात केली. आयुष्मान, नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेच्या फळ्यावरचं सरळ, टोकदार अक्षर. पहिल्या दिवशी एकशे दहा झाल्या. मी ढीग करून ठेवत होतो.

"मोजू नको," काका म्हणाले. "तुझ्या मोजण्यानंच ही वेळ आली."

दुपारी मुलीनं माझा फोन घेतला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पप्पा, हा शॉर्टकट कुणी टाकला?"

शब्दकोशात दोन याद्या असतात. एक मराठीची, एक सगळ्या भाषांची. मी मराठीचीच बघत होतो. दुसऱ्या यादीत एकच नोंद होती. शब्द, कालकथित. शॉर्टकट, का. म्हणून तो डब्यात टाकूनही परत यायचा आणि सगळं पुसूनही उरला. तो फोननं शिकलेला नव्हताच. तो कुणीतरी हातानं लिहिलेला होता, आणि त्या फोनला दुसरं कुणी हात लावत नाही. वडील गेले त्या आठवड्यात मी तो टाकला असणार, दर वेळी पूर्ण शब्द लिहावा लागू नये म्हणून. त्या आठवड्यातलं मला फारसं आठवत नाही.

"काढू?" मुलीनं विचारलं.

काकांनी पेन थांबवलं.

"काढ," ते तिला म्हणाले. "तुझ्या आज्ज्याचं नाव पत्रिकेवर हाय. फोनात कशाला पायजे?"

तिनं नोंद पुसली. मग काकांनी फोन मागितला, चष्मा कपाळावर सारला आणि मराठीच्या यादीत एकेक अक्षर शोधत आपलं पूर्ण नाव टाइप केलं. शॉर्टकटच्या जागी 'का' लिहिलं. तेवढ्याला त्यांना सात मिनिटं लागली. फोन परत देताना म्हणाले, "आता मला हटवून दाखव."

तिसऱ्या दिवशी दुपारी पत्रिका संपल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "मोज आता." मी मोजल्या. त्यांनी येताना आणलेली आणि विहारातली धरून तीनशे. प्रत्येक पत्रिकेवर काकांचं नाव आहे का, ते मात्र मी उघडून, वाचून बघितलं. एकीवर शाई थोडी फिसकटली होती. ती मी घरच्यासाठी बाजूला ठेवली.