पत्र्यावर न चढता घेतलेलं माप

लातूरच्या आमच्या सोलरच्या दुकानात ड्रॉइंग काढणाऱ्या मॅडम होत्या. नांदेडच्या. आज मी माझ्या पायावर उभा हाय तो त्यांच्यामुळं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सांगताना माझं ध्यान भरकटतं आणि सांगायचं राहून जातं.

मी देगलूरकडचा. आठवीत शाळा सोडली आणि लातूरला आलो. पॅनेल उचलणं, पाइप कापणं आणि शेडवर चढून टेप धरणं हे माझं काम. टेपचं दुसरं टोक माझ्या जोडीदाराकडं असायचं. तो मुखेडचा. आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. एका दालमिलच्या शेडवर तो टेप ओढत मागं मागं सरकत होता, नजर टेपवर. उजेडासाठी टाकलेल्या फायबरच्या पत्र्यावर त्याचा पाय पडला आणि पत्रा फुटला. मिलच्या पत्र्यांवर तुरीच्या टरफलाचा भुगा बसतो, वरून लोखंडी पत्रा आणि फायबर सारखाच मळकट दिसतो. माझ्या हातातला टेप एकदम ताणला आणि सुटला. खाली पोती होती, पण तो पडला पोत्यांच्या मधल्या फरशीवर. आता तो मुखेडला खाटेवर आहे. कमरेखाली हालचाल न्हाई.

त्यानंतर काही आठवड्यांतच एमआयडीसीतल्या दुसऱ्या दालमिलचं काम आलं. शेठनं माझ्याकडं टेप सरकवला.

“उद्या सकाळी माप घेऊन ये.”

“शेठ, कमरेचा बेल्ट? पत्र्यावर टाकायला फळ्या?”

“मापाला कशाला रे बेल्ट? पॅनेल बसवायच्या टायमाला आणू सगळं. लई भित्रा झालास तू.”

मी टेप उचलला. नाही म्हणालो असतो तर खोलीचं भाडं कुठून भरणार होतो? पण तो नुसता ओढत आणि सोडत बसलो. मॅडमनी ते बघितलं. शेठ बाहेर गेल्यावर त्या म्हणाल्या, “खुर्ची ओढ इकडं. टेप राहू दे.”

त्यांनी लॅपटॉपवर उपग्रहाचा नकाशा उघडला. मिल सापडली. वरून ते शेड म्हणजे राखाडी रंगाचा लांबट चौकोन, मधून आढ्याची रेघ. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी आडवी पट्टी होती, तिच्यावर वीस मीटर लिहिलेलं. मॅडमनी कागदाची एक चिंधी पडद्याला लावली, पट्टीच्या दोन टोकांवर पेन्सिलीनं खुणा केल्या आणि चिंधी माझ्या हातात दिली.

“ही तुझी वीस मीटरची काठी. शेडच्या कडेनं लाव, कितीदा बसते ते सांग.”

मला कड नीट दिसेना, म्हणून मी चित्र मोठं करून जवळ घेतलं. मग चिंधी लावली. लांबीला तीनदा बसली.

“साठ मीटर,” मी म्हणालो. आवाजात जरा ऐट पण आली असेल.

“साठ? मग त्याच चिंधीनं गेटजवळचा ट्रक तोलायचा वजनकाटा मोज.”

काट्याचा प्लॅटफॉर्म अठरा मीटर आला. त्या हसायला लागल्या. “एवढ्याशा मिलला अठरा मीटरचा काटा! यावर काय आगगाडी तोलतात काय रे? कोपऱ्यात बघ.”

कोपऱ्यातली पट्टी तेवढीच होती, पण तिच्यावर आता दहा लिहिलं होतं. मी चित्र जवळ घेतलं तसं पट्टीचं मोलही बदललं होतं, आणि मी जुनीच काठी घेऊन बसलो होतो. मला वाटलं, आता त्या म्हणतील, जा बाबा, टेपच घेऊन जा. त्या म्हणाल्या, “सगळ्यांचं होतं. झूम हलवलं की पट्टी पुन्हा वाच. नवी चिंधी कर.”

नव्यानं मोजलं. लांबी तीस, रुंदी बारा. मग त्या म्हणाल्या, “पण ही वरून दिसणारी आडवी रुंदी आहे. पत्रा उतारावर आहे, तो थोडा जास्त भरणार. आणि चित्र जुनं असू शकतं, वाकडंही. जमिनीवरून ताडून बघू.”

दुसऱ्या दिवशी त्या माझ्यासोबत आल्या. गेटजवळच्या काट्यावर आम्ही टेप धरला, नऊ मीटर भरला. चित्रातही नऊ. शेडच्या आत जाऊन खांबांमधलं अंतर मोजलं, गाळे मोजले. सहा मीटरचे पाच गाळे. माप जुळलं. मग त्या म्हणाल्या, “आता वर बघ.”

वर बघितलं. अंधाऱ्या शेडात जागोजागी पिवळट उजेडाच्या पट्ट्या होत्या. वरून जे दिसत नव्हतं ते आतून सगळं दिसत होतं. मी एकेक गाळा धरून कुठला पत्रा फायबरचा ते सांगत गेलो आणि मॅडम ड्रॉइंगवर लाल रेघा मारत गेल्या. त्या वेळी मला जोडीदार आठवला आणि पुढचा गाळा सांगायचं मी विसरलो. मॅडमनी पेननं पुढचा गाळा दाखवला.

अडचण पुढं होती. मिलच्या मालकानं शेठला सव्वाशे फूट लांबी सांगितली होती. त्यात समोरचा उघडा ओटा धरला होता. शेठनं त्यावर पॅनेलचा आकडा ठरवून टाकला होता. आमच्या मापानं लांबी शंभर फुटांच्याही आत आली, आणि फायबरच्या पत्र्यांवर मॅडमनी पॅनेल धरलेच नव्हते.

शेठ भडकला. “चढलाच नाहीत तर माप कसलं? याला पाठवा वर. टेपनं घेऊ द्या.”

“टेपनं पण तीसच येणार, सर. आणि मी त्याला नाही पाठवणार.”

“मग तुम्ही चढा.”

“मीपण नाही. फळ्या आणि बेल्ट आणा, दोघं चढतो.”

मी दाराशी उभा होतो. माझ्या जिवाचा सौदा चालला होता.

मॅडम ड्रॉइंग घेऊन सरळ मिलवाल्याकडं गेल्या. त्याला आत नेऊन वरचा उजेड दाखवला. मिलवाला म्हणाला, “बाई, आमचा हमाल वर जातो कधीमधी, कुठंही पाय टाकत. बरं झालं दाखवलं.” त्यानं कमी पॅनेलचं काम दिलं. पॅनेल बसवायला फळ्या आल्या, दोर आले, लाल रेघांच्या जागा आम्ही चुन्यानं आखल्या. मी वर चढलो. पाय कुठं ठेवायचा ते मला ठाऊक होतं.

काम उरकल्यावर शेठनं मॅडमना सांगितलं, उद्यापासून यायची गरज नाही. दुसरं कारण सांगितलं, पण आम्हाला समजायचं ते समजलं. त्या टेबल आवरत होत्या तेव्हा मी जवळ गेलो. मॅडम म्हणायचं होतं, तोंडातून ताई निघालं.

“ताई, माझ्यापायी झालं हे.”

“तुझ्यापायी नाही रे. चिंधी जपू नकोस, दरवेळी नवी कर.”

त्या नांदेडला घरी गेल्या. नवीन काम अजून मिळालेलं नाही. फोनवर म्हणतात, मिळेल. आवाजावरून कळतं, दमल्यात. मी अजून त्याच शेठकडं आहे, कारण घरी पैसे पाठवायचे असतात. याची मला लाज वाटते.

मागं एकदा त्या म्हणाल्या होत्या, स्वतःचंच छोटं काम सुरू करावं म्हणते. ताई, तुम्ही ते सुरू करा. पहिल्या शेडला मला हाक मारा. मजुरी घेणार नाही, आणि तुमचं काम पायावर उभं राहीपर्यंत हलणार नाही. हे तुमचं देणं मी कधीतरी फेडीनच.