बांधातली वाट

भौतिकशास्त्राची कायम जागा एकच होती आणि दौंडच्या त्या कॉलेजात तासिकांवर शिकवणाऱ्या आम्ही दोघी मैत्रिणी उमेदवार. मुलाखतीत शिकवून दाखवायचा विषय सगळ्यांना आधीच कळवला होता: अल्फा क्षय. थोरियममधून निघणाऱ्या अल्फा कणाची ऊर्जा चार एमईव्ही, एका पोलोनियममधल्याची दुपटीहून थोडीच जास्त. पण अर्धायुष्य एकाचं अब्जावधी वर्षं, दुसऱ्याचं सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनही कमी. का?

मुलाखतीच्या आदल्या दुपारी मैत्रीण प्रयोगशाळेत रडकुंडीला आली होती. "सूत्र मांडता येतं गं, पण का ते सांगता येत न्हाई."

मी फळ्यावर आमच्या वडगाव रासाईचा नदीकाठचा बांध काढला. आतून उभा, बाहेरून लांब उतरता. कण आत अडकलाय, माथा ओलांडायची ताकद नाही. पण क्वांटम नियमानं त्याची लाट बांधात शिरते, विरत जाते आणि किंचित पलीकडे पोचते. ऊर्जा जितकी जास्त, तितका कण वरच्या उंचीवर, आणि तितकी आरपार वाट आखूड. समजा, वीतभर माती पार व्हायची शक्यता दहात एक. दोन वितींना शंभरात एक, तीन वितींना हजारात. म्हणजे ऊर्जा थोडी वाढली, विती थोड्या घटल्या, की अर्धायुष्यातली शून्यंच्या शून्यं उडतात.

"आन् जास्त ऊर्जेचा कण भिंतीला जास्त धडका देतो, म्हणून न्हवं?"

"धडका दीडपट होतील फार तर. खरा फरक बांधातच पडतो."

"तू हेच सांग," ती म्हणाली. "मी आपलं गणित मांडते."

दुसऱ्या दिवशी तिचा नंबर माझ्या आधी होता. बाहेर बाकावर बसून मी दारातून माझाच बांध ऐकला. वीत, माती, नदीकाठ, सगळं. बाईनं शब्दही बदलला नव्हता!

मी आत गेले, बांधाची रेघ ओढली आणि समितीतले एक सर हसले. "हे आत्ताच ऐकलं आम्ही. मॅडमचं पाहून पाठ केलंत का?" खरं सांगितलं असतं तर रडगाणं वाटलं असतं. मी गणित मांडलं, तेही अडखळत.

जागा तिला मिळाली. संध्याकाळी एसटी स्टँडवर मी तिला गाठलं. "का केलंस असं?"

"तुला दुसरं काहीतरी सुचलं असतं गं. मला तेवढंच येत होतं." वर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ते धडकांचं मात्र परत एकदा समजावशील? पोरं इचारणार."

"पोरांनाच पाठव माझ्याकडं," मी फटकारलं.

तिचा चेहरा एकदम खुलला.

"बरं झालं," ती म्हणाली. "मला त्याचंच टेन्शन आलं होतं."