उशीर झालेल्या टनाचा दंड

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, बांधकामाच्या सळयांना मागणी भारी होती. शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीत सळयांच्या रोलिंग मिलमध्ये मी येत्या आठवड्यांचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचो. मागचा साठा, नेहमीच्या पाळीचा माल आणि ओव्हरटाइमचा माल यांतून मागणी भागवायची. उरेल तो साठा, कमी पडेल ती पुढच्या आठवड्यावर थकबाकी, तिच्यावर टनामागे दंड. त्यातला सर्वांत स्वस्त मार्ग कॉम्प्युटर काढायचा.

पोळ्याच्या आठवड्यात त्यानं ओव्हरटाइम काढला. फोरमन म्हणाला, "भैया, तुमच्या मशीनले पोळा समजत नाही काय? पोट्टी सासरून येऊन राहिली."

"गणितच तसं आलं," मी म्हणालो.

पण उशिरा जाणाऱ्या टनामागचा दंड मीच भीतीपोटी भरमसाट धरला होता, ग्राहकाला न विचारता. दुपारी त्याला फोन केला. "एक हफ्ता चलेगा," तो म्हणाला. दंड ओव्हरटाइमच्या जादा खर्चाहून कमी केला, तसा ओव्हरटाइम शून्यावर आला आणि कमी पडणारा माल पुढच्या आठवड्याच्या मोकळ्या पाळीत गेला.

पोळ्याला फोरमन वेळेवर निघाला. त्याचे आधीचे सणही त्या दंडापायी मीच बुडवले, हे सांगायला फाटकापर्यंत गेलो. तो घाईत होता, सांगायचं राहून गेलं. समता कॉलनीतल्या खोलीवर माझी वाट पाहणारं कुणी नव्हतं, म्हणून मी परत टेबलाशी येऊन बसलो.