कूलिंग टॉवरचा नैवेद्य

यशवंतपूरच्या त्या रबर-वॉशरच्या कारखान्यात रघुपतीरावांना रघुपती म्हणून हाक मारली तर ते वळूनसुद्धा बघायचे नाहीत. सगळे त्यांना नीरण्णा म्हणत. कानडीत नीरु म्हणजे पाणी, आणि कारखान्यात आलेला पाण्याचा प्रत्येक थेंब या माणसाच्या परवानगीशिवाय पुढे सरकत नसे. त्यांचं मराठी घराणं तीनशे वर्षांपूर्वी बेंगळूरूला येऊन रुजलेलं. त्यामुळे बोलण्यात मराठी दोन वाटे, कानडी एक वाटा, आणि वर रोज सकाळी चामराजपेटेतून निघालेल्या बसच्या कंडक्टरशी घातलेल्या वादाची फोडणी.

कामावर आले की चहाच्या आधी पाण्याची परीक्षा. बोअरचं पाणी इथं असं कडक, की साबणाला फेस येता येत नाही. ते आधी सॉफ्टनरच्या टाकीतून मऊ करून घ्यायचं, मग बॉयलरला द्यायचं. नीरण्णा नळकांडीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकीत. निळा रंग आला की खुशीत "सरी!", म्हणजे ठीक, म्हणत. लाल आला की तोंड पाडत, आणि टाकीला मिठाचं पाणी पाजून पुन्हा ताजी करीत.

"कडक पाणी गेलं की नळ्यांवर चुना बसतो," ते नव्या माणसाला बजावीत. "चहाच्या पातेल्याच्या बुडाला बसतो ना, तस्साच. मग आग तापते, पाणी तापत नाही, आणि एक दिवस नळी फाटते."

रोज झडप उघडून बॉयलरच्या तळाचा गाळ सोडायचा. पाण्यात विरघळलेली हवा लोखंड खाऊ नये म्हणून तिलाच गिळणारं औषध घालायचं. वर्षाची तपासणी आली की बॉयलर उघडून दाखवायचा आणि मिशीवर हात फिरवायचा. "यात पंगत बसवा," असं ते तपासनिसालासुद्धा म्हणाले होते. बावीस वर्षांत त्यांच्या पाण्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

पण खरा जीव जडला होता तो मागच्या अंगणातल्या कूलिंग टॉवरवर. वॉशर दाबून काढणाऱ्या प्रेसचं तेल तापलं की त्याला थंड करून आलेलं गरम पाणी या टॉवरच्या माथ्यावरून झारीसारखं पडायचं, पंखा वारा ओढायचा, पाणी गार होऊन खालच्या हौदात जमायचं आणि परत कामाला लागायचं. बिचारा दिवसभर भिजतो, पण कधी शिंकत नाही, असं नीरण्णा कौतुकानं सांगत.

आणि इथंच घोटाळा झाला.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा. बॉयलरला हळदकुंकू, प्रेसला झेंडूच्या माळा, दारात कोहळा फोडणं, आणि साठ माणसांना पुरेल एवढं पंचामृत. सगळ्यांनी घेतलं, तरी बादलीभर उरलं. पूजेचं तीर्थ! गटारात कसं ओतायचं? पायदळी जाईल. झाडाला घालावं, तर अंगणात झाड नव्हतं. नीरण्णांनी टॉवरकडे बघितलं. वर्षभर राबणाऱ्याला नैवेद्य नको? दूध, दही, मध, साखर, केळ्याचे काप, तुळशीची पानं, सगळी बादली हात जोडून हौदात ओतली, वर पंख्याच्या जाळीला झेंडूची एक माळ घातली, आणि दिव्यासारखं तोंड करून ते दसऱ्याला घरी गेले. पुढे शनिवार-रविवार जोडून आला. चार दिवस पंप बंद, औषध बंद, ऊन मात्र चालू.

सोमवारी प्रेस सुरू झाले आणि तासाभरात तेल तापून बंद पडले. पंपाच्या गाळणीवर हात घातला तर बुळबुळीत शेवाळ्यासारखा थर. अंगणात आंबट घाण वास. वास कशाचा, हे नीरण्णांच्या नाकानं क्षणात ओळखलं, कारण चार दिवसांपूर्वी त्याच नाकानं त्यात वेलची शोधली होती.

मालकाचा मुलगा श्रीवत्स धावत आला. आणि त्याच्या मागून महानंदा. ही निपाणीकडची पोर, पाण्याचं औषध पुरवणाऱ्या कंपनीची. महिन्यातून दोनदा पेटी घेऊन टेस्ट करायला यायची.

"तुमचं औषध नकली!" श्रीवत्स तिच्यावर भडकला. "चुना साचलाय. कामगारांनो, ॲसिड आणा, ओता आत!"

"ॲसिड नको!" महानंदा आडवी आली. "आदी बघा तरी वो." तिनं गाळणी चाचपली, तेल थंड करणाऱ्या कूलरचं झाकण खोलायला लावलं, आतला थर खरवडला आणि वर ॲसिडचा थेंब टाकला. "चुना असता तर फसफसला असता. ह्यो चिकटा हाय, जंतूंचा. तेलाची उष्णता पाण्यापत्तूर पोचंनाच. आनि ॲसिड घातलं तर चिकटा ऱ्हाईल, नळ्या मातुर खाल्ल्या जातील."

मग हौदाचं पाणी नळकांडीत घेऊन तिनं त्यात क्लोरीन तपासायचे थेंब टाकले. पिवळं व्हायला हवं होतं, पाणी ढिम्म पांढरं राहिलं. क्लोरीन औषधालासुद्धा उरलं नव्हतं.

"म्हणजे औषध मेलेलंच होतं," श्रीवत्स म्हणाला. "मी आत्ता तुमच्या साहेबांना फोन करतो. उद्यापासून तुम्ही इथं नको."

तो मोबाइल काढत होता. महानंदाचं तोंड एवढंसं झालं. घरी आजारी आई आणि हीच एक नोकरी, हे नीरण्णांना ठाऊक होतं. गप्प बसलं की झालं. कुणी बघितलं नव्हतं. बावीस वर्षांची मिशी तशीच ताठ राहिली असती.

"श्रीवत्सा," नीरण्णा म्हणाले. 'सर' म्हणायचं विसरलेच. "फोन ठेव. औषध चांगलं होतं. ते कशावर खर्ची पडलं, ते मला ठाऊक आहे. नैवेद्य दाखवला मी टॉवरला. बादलीभर पंचामृत. दूध-साखर मिळाल्यावर जंतूंची दिवाळीच झाली की रे. आणि चार दिवस पंप बंद ठेवून मीच घरी बसलो. चूक माझी."

श्रीवत्स बघतच राहिला. मग ओठ चावत त्यानं मोबाइल खिशात टाकला. "नीरण्णा, देवाला तरी पचलं का ते?" असं म्हणून तो खो खो हसला, आणि दुसऱ्याच क्षणी गंभीर झाला. "बाई, माफ करा. आता काय करायचं सांगा."

मग दोन दिवस सगळ्यांनी घाम गाळला. पंखा बंद, तोंडाला मास्क, कारण टॉवरच्या तुषारांतून जंतू छातीत जातात. हौद रिकामा करून ब्रशनं घासला, नवं पाणी भरून क्लोरीनचा मोठा डोस दिला, चिकटा सोडवणारं औषध फिरवलं, मळकं पाणी सोडून दिलं, आणि मग पुन्हा गंज धरू नये म्हणून रोजचं औषध चालू केलं. बुधवारी थेंब पडताच पाणी पिवळं झालं. प्रेस थंडपणे चालू लागले.

जाताना महानंदानं पेटी उघडली आणि एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत तुळशीचं एक पान आणि केळ्याचा काळा पडलेला काप.

"सोमवारीच गाळणीत घावलं, अण्णा. तुमी सांगायच्या आदी."

नीरण्णांनी पिशवी उजेडात धरली. "मग बोललीस का नाही गं?"

"तुमी सांगाल म्हनून थांबले."

"आणि मी नसतं सांगितलं तर?"

महानंदानं पेटीची कडी लावली. "तर बोलले नसते. तुमची बावीस वर्सं हायती, माझी दोन."

नीरण्णा तिथंच हौदाच्या काठावर बसले. डोळे भरून आले, आणि ते पुसायचं काही त्यांनी केलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला कारखान्यात सकाळी पूजा झाली. महानंदाला मुद्दाम बोलावलं होतं. नीरण्णांनी कुंकू आधी तिच्या टेस्टच्या पेटीला लावलं, माळ पंख्यापासून लांब दाराला बांधली, आणि पंचामृताची पहिली वाटी तिच्या हातात ठेवली.

"घे पोरी," ते म्हणाले, "हौदाचा वाटा आता तुझा."