अंगठ्याखालचा चिकू

आमच्या घरी चिकू पिकला की नाही, हे सासऱ्यांचा अंगठा ठरवायचा. मी त्यांना मामा म्हणायचे. झाडावरच ते फळाचा भुरा कोंडा बोटाने पुसत आणि नखाने जरासं खरवडून बघत. आत हिरवं दिसलं की फळ तसंच सोडायचं, पिवळसर दिसलं की काढायचं. देठाचा चीक गळून गेला की धुऊन, कोरडे करून चिकू भाताच्या गवतात, बांबूच्या बुट्टीत ठेवायचे. मग रोज सकाळी देठाजवळ दाबून बघणं त्यांचं. आम्ही कुणी बुट्टीला हात लावलेला त्यांना खपत नसे, आणि मला ते जाचायचं.

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांचा उजवा हात लुळा पडला. आमच्या कुंभारवाड्यातून बस मिळून दवाखाना गाठेपर्यंत दुपार झाली होती. घरी आल्यावर हात थोडा हलायला लागला, पण बोटं बधिरच राहिली. त्या खेपेला चिकू मी काढले, त्यांच्याच रीतीने. चौथ्या दिवशी ते म्हणाले, बुट्टी आण.

मी पहाटेच दाबून बघितलं होतं. देठाजवळ फळ अजून टणक होतं, दोन-तीन दिवस सहज लागले असते. मामांनी एक फळ उचललं, अंगठा टेकवला, बराच वेळ तसाच ठेवला.

"झालाय. काप."

तेव्हा बोलायला हवं होतं. पण इतकी वर्षं ज्यांच्या शब्दावर बुट्टी उघडली, त्यांना न्हाई कसं म्हणायचं? मी कापला. सुरीच्या पात्याला पांढरा चीक लागला, तो पदराला पुसला आणि फोड त्यांच्या हातात दिली.

त्यांनी चावली. ओठ एकमेकांना चिकटले, तोंड आवळलं. थुंकले नाहीत, गिळली. मग उजव्या अंगठ्याकडे बघत राहिले.

"तुला ठाऊक हुतं व्हय?"

मी मान खाली घातली. मला माझीच चीड आली.

तीन दिवसांनी चिकू मऊ झाले, साखरेसारखे गोड. मी नेऊन दिले, त्यांनी खाल्ले. बुट्टी मागितली नाही.

मग मला पपई सुचली. तिला अंगठा लागत नाही, डोळे पुरतात. बुडाशी पिवळी रेघ उठलेली एक पपई मी त्यांच्या खाटेपाशी नेली, त्यांच्यासमोर सालीला टोचलं. दुधासारखा दाट चीक आला नाही, पाण्यासारखा पातळ थेंब आला. कागदात गुंडाळून किती दिवस ठेवू, असं विचारलं.

"तुला कळतंय की. मला कशाला इचारतीस?" म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

पावसाळ्याआधी मामा गेले. आता बुट्टी माझ्याकडे आहे. रोज सकाळी मी एकेक चिकू दाबून बघते, आणि मला कुणी अडवत नाही.